कॉम्प्लेक्स-स्टेप अवकलन : वजाबाकी टाळून काढलेला अवकलज

एखाद्या फलनाचा अवकलज, म्हणजेच डेरिव्हेटिव्ह, संगणकावर आकड्यांत काढण्याची ही एक पद्धत आहे. तिच्यात चलाला वास्तव संख्येऐवजी काल्पनिक दिशेने अगदी लहान धक्का दिला जातो आणि उत्तराचा काल्पनिक भाग त्या धक्क्याने भागला जातो. या पद्धतीत दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी करावी लागत नाही. त्यामुळे मिळणारा अवकलज मूळ फलनाच्या किमतीइतकाच, म्हणजे साधारण १६ अंकांपर्यंत अचूक असतो.

नेहमीच्या पद्धतीतील अडचण

शाळा-कॉलेजात शिकवलेली व्याख्याच संगणकाला सांगितली, तर सूत्र असे होते :

```
f'(x) ≈ ( f(x+h) - f(x) ) / h
```

`h` जितका लहान, तितके उत्तर खऱ्याच्या जवळ, असे कागदावर दिसते. संगणकावर मात्र तसे होत नाही. `f(x) = x³` हे फलन आणि `x = 2` हा बिंदू घेऊ. खरा अवकलज `3x²`, म्हणजे १२ आहे.

डबल प्रिसिजनमध्ये संगणक सलग संख्या साठवत नाही. त्यांच्यात ठरावीक अंतराच्या पायऱ्या असतात. २ च्या लगेच पुढची पायरी सुमारे `4.44e-16` इतकी आहे (`e-16` म्हणजे १० चा −१६वा घात). आता `h = 1e-15` घेतला, तर २ + `h` ही संख्या कोणत्याच पायरीवर बसत नाही. संगणक ती जवळच्या पायरीवर, `2 + 8.88e-16` वर, सरकवतो. तिचा घन ८ पेक्षा `1.0658e-14` ने मोठा येतो. त्यातून ८ वजा करून `1e-15` ने भागले की उत्तर १०.६५८ मिळते. १२ च्या जागी १०.६५८, म्हणजे पहिल्या दोन अंकांतच चूक! `h = 1e-16` घेतला तर २ + `h` ही संख्या २ वरच येऊन बसते आणि अवकलज शून्य येतो.

दोष वजाबाकीत आहे. दोन्ही घनांचे पहिले १४-१५ अंक सारखेच असल्याने वजाबाकीत ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती उरतात ते शेवटचे, पूर्णांकनाने आधीच बिघडलेले अंक. `h` मोठा ठेवला तर वजाबाकी सुधारते, पण सूत्रातली अंगभूत चूक वाढते. या उदाहरणात ती `6h` च्या आसपास असते. दोन्ही चुकांचा मेळ `h = 1e-8` च्या सुमारास बसतो. तिथेही १६ पैकी जेमतेम आठ अंक बरोबर मिळतात.

काल्पनिक धक्का

आता `h` ऐवजी `ih` हा धक्का द्यायचा. `i` म्हणजे −१ चे वर्गमूळ.

```
(x+ih)³ = (x³ - 3xh²) + i(3x²h - h³)
```

काल्पनिक भागाला `h` ने भागले की `3x² - h²` उरते. `h = 1e-20` घेतला तर `h²` ही `1e-40` इतकी क्षुल्लक संख्या होते आणि १२ समोर ती संगणकाला दिसतही नाही. कोणत्याही गुळगुळीत फलनासाठी टेलर श्रेणी हेच सांगते :

```
f(x+ih) = f(x) + ih f'(x) - (h²/2) f''(x) - i(h³/6) f'''(x) + …

f'(x) ≈ Im f(x+ih) / h
```

येथे `Im` म्हणजे काल्पनिक भाग. `f(x)` पूर्णपणे वास्तव भागात राहतो आणि `f'(x)` काल्पनिक भागात जातो. संमिश्र संख्येचे हे दोन भाग संगणकाच्या स्मृतीत दोन वेगळ्या जागी साठवले जातात, म्हणून `f(x)` वजा करून अवकलज बाहेर काढावा लागत नाही.

`1e-20` इतका लहान धक्का हरवत कसा नाही? २ मध्ये मिळवला तर तो नक्कीच हरवतो. पण स्वतंत्र जागेत ठेवला तर संगणक त्याला त्याचा स्वतःचा घातांक देतो आणि त्याचे १६ च्या १६ अंक शाबूत राहतात. लहान संख्या साठवणे संगणकाला अवघड नाही. मोठ्या संख्येच्या शेजारी ती टिकवणे अवघड आहे.

पायथॉनमध्ये हे सगळे चार ओळींत होते :

```python
def f(x):
    return x*x*x
h = 1e-20
print(f(2 + 1j*h).imag / h)
```

उत्तर यंत्राच्या अचूकतेपर्यंत १२ येते. `h` साठी योग्य किंमत शोधत बसावे लागत नाही, कारण तो कितीही लहान केला तरी अचूकता घसरत नाही. मर्यादा एवढीच, की संगणकाला साठवता येणाऱ्या सर्वांत लहान संख्येच्या, साधारण `1e-308` च्या, जवळ जाऊ नये.

कोठे फसते

फलन विश्लेषी असले पाहिजे. म्हणजे त्या बिंदूभोवती टेलर श्रेणी लागू पडली पाहिजे. प्रोग्राममध्ये ही अट नकळत मोडते ती `abs` मुळे. वरच्या फलनात `x` च्या जागी `abs(x)` लिहिले, तर संमिश्र संख्येसाठी `abs` तिचे मापांक देते. ते निव्वळ वास्तव असते, काल्पनिक भाग पुसला जातो आणि कोणतीही सूचना न येता अवकलज शून्य येतो. अशा वेळी `x` च्या वास्तव भागाचे चिन्ह तपासून `x` किंवा `-x` परत करणारे स्वतःचे फलन लिहावे लागते. मॅटलॅबमध्ये `A'` हे चिन्ह मॅट्रिक्स उलटवताना काल्पनिक भागाचे चिन्हही बदलते. तेथे `A.'` वापरावे लागते. `x > 0` सारखी तुलना पायथॉनमध्ये थेट त्रुटी देते, त्यामुळे ती निदान लपून राहत नाही.

ओळखण्याची सोपी खूण अशी : `h = 1e-8` चा नेहमीचा फरक काढून पाहावा. दोन्ही उत्तरांचे पहिले सहा-सात अंक जुळले नाहीत, तर प्रोग्राममध्ये काल्पनिक भाग कुठेतरी गळतो आहे असे समजावे.

दुसऱ्या अवकलजाला मात्र हा फायदा मिळत नाही. `f''(x)` वास्तव भागात, `f(x)` च्या शेजारी दडलेला असतो. तो काढायला `f(x)` वजा करावाच लागतो आणि जुनी अडचण परत येते. शिवाय संमिश्र गुणाकारात चार वास्तव गुणाकार असतात, म्हणून प्रोग्राम हळू चालतो. आणि चले अनेक असतील तर प्रत्येकासाठी तो एकदा चालवावा लागतो.

इतिहास

संमिश्र चलांच्या आधारे अवकलज काढण्याची कल्पना जेम्स लायनेस आणि क्लीव्ह मोलर यांनी १९६७ मध्ये मांडली. मोलर पुढे मॅटलॅबचे जनक म्हणून ओळखले गेले. वर दिलेले साधे सूत्र विल्यम स्क्वायर आणि जॉर्ज ट्रॅप यांच्या १९९८ मधील छोट्या लेखामुळे सर्वत्र पोहोचले. त्यानंतर विमानांच्या रचनेत ते रुळले. पंखाचा आकार थोडा बदलला की हवेचा रोध किती बदलतो, हा अवकलजच असतो आणि तो मोठ्या प्रोग्राममधून येतो. असा प्रोग्राम नव्याने न लिहिता त्यातील वास्तव चले संमिश्र म्हणून जाहीर करणे, `abs` सारख्या मोजक्या जागा दुरुस्त करणे आणि काल्पनिक भाग वाचणे, एवढ्यावर काम भागते.