शोषण, उत्सर्जन आणि मराठवाड्यातील छपरे

नांदेड व लातूर या भागांतील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर घातलेली असत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व ही जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली, आणि त्यानंतर हलक्या पत्र्याविषयी लोकांचा ओढा वाढावा हे स्वाभाविकच होते. पत्र्याने जिवाची धास्ती कमी केली. परंतु वैशाखातील दुपार असह्य केली. माती नसल्याने उष्णता थोपवणारा थर गेला, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण पत्र्याच्या पृष्ठभागात आहे, आणि त्याचा उलगडा एकोणिसाव्या शतकातील एका नियमाने होतो.

१८५८ मध्ये बाल्फोर स्टुअर्ट यांनी सैंधवाच्या पातळ चकत्या तापवून पाहिल्या. काजळीपासून येणारी उष्णता सैंधव बहुतांशी आरपार जाऊ देते. परंतु तापलेल्या सैंधवातून निघालेली उष्णता दुसरी सैंधवाची चकती पुष्कळ अधिक अडवते. पदार्थ जे किरण सोडतो, तेच तो विशेषत्वाने शोषतो, असा याचा अर्थ झाला. पुढील वर्षी गुस्टाव किरखोफ यांनी हायडेलबर्ग येथे हीच गोष्ट प्रत्येक तरंगलांबीसाठी स्वतंत्रपणे मांडली.

त्यामागील युक्तिवाद साधा आहे. सर्वत्र एकच तापमान असलेल्या बंद पोकळीत एक वस्तू ठेवली, आणि एकाच तरंगलांबीचे किरण जाऊ देणारा व बाकीचे परतवणारा पडदा तिच्यापुढे धरला. त्या तरंगलांबीवर वस्तू नव्वद टक्के शोषून पन्नास टक्केच सोडत असेल, तर ती आपोआप तापत जाईल. तापमानात फरक नसता उष्णता वाहील. हे उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाविरुद्ध आहे. म्हणून दोन्ही प्रमाणे समान असलीच पाहिजेत.

मात्र ही समानता एकाच तरंगलांबीपुरती आहे, हे विसरले की घोटाळा होतो. सूर्याची ऊर्जा मुख्यतः तीन मायक्रोमीटरच्या आत येते. साठ अंश सेल्सियसचे छप्पर मात्र नऊ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक उत्सर्जन करते. पृष्ठभाग सर्व तरंगलांबींवर सारखा, म्हणजे 'करडा', असता तर हा भेद निरर्थक ठरला असता. नवा जस्ती पत्रा तसा नाही. तो सूर्यप्रकाश सुमारे ०.६५ शोषतो, पण स्वतःची उष्णता ०.२५ इतकीच सोडतो. चुना याउलट वागतो : ०.२ शोषतो व ०.९ सोडतो. डोळ्यास पांढरा दिसणारा चुना अवरक्त किरणांना जवळजवळ काळाच आहे. 'काळा' व 'पांढरा' हे शब्द येथे फसवे ठरतात.

ऊन ९०० वॅट दर चौरस मीटर व आकाशातून परत येणारे अवरक्त किरण ४०० धरू. साठ अंशांवर कृष्णपदार्थ सुमारे ७०० वॅट सोडतो. तेव्हा निव्वळ सुटका ३०० च्या प्रमाणात होते. पत्रा ५८५ वॅट घेऊन किरणांनी जेमतेम ७५ सोडतो. उरलेले वाऱ्याने न्यावे, नाहीतर घरात उतरावे. चुना १८० घेऊन २७० सोडू शकतो, म्हणून तो साठ अंशांपर्यंत पोचतच नाही. अर्थात धूळ बसली की चुन्याचे शोषण वाढते. पत्रा गंजला तर त्याचे उत्सर्जन वाढते खरे, पण उन्हाचे शोषणही वाढते; चुन्याचा हात दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा द्यावा लागतो तो यामुळेच.