डेटा पॉयझनिंग: वीस मिनिटांत पुसलेली चूक एआयला कायमची कशी चिकटते?

डेटा पॉयझनिंग म्हणजे एआय मॉडेल ज्या मजकुरावरून शिकतं, त्या मजकुरातच मुद्दाम चुकीची उदाहरणं मिसळणं. यात कोणी कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसत नाही की पासवर्ड चोरत नाही. मॉडेल इंटरनेटवरचा खुला मजकूर वाचतं आणि त्यात कोणीही भर घालू शकतं, एवढंच हल्लेखोराला पुरतं.

पण विकिपीडियासारख्या ठिकाणी चुकीचं लिहिलं, तर कोणीतरी ते दुरुस्त करतंच ना? करतं. तरीही हल्ला यशस्वी होऊ शकतो.

पळवाट कुठे आहे?

मॉडेल बनवणारे विकिपीडियाचं एकेक पान उघडून वाचत नाहीत. विकिपीडिया ठरावीक तारखांना आपल्या सगळ्या लेखांची एक प्रत काढून मोफत देतो. तिला 'डम्प' म्हणतात. ही प्रत लेखांच्या क्रमाने तयार होते. त्यामुळे एखाद्या लेखाची पाळी साधारण कधी येईल, याचा अंदाज आधीच बांधता येतो. निकोलस कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. बचावाचा कोणताही उपाय केला नाही, तर इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रतीतली सुमारे ६.५ टक्के पानं अशा प्रकारे बिघडवता येतील, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी खरा हल्ला केला नाही. जुन्या नोंदींवरून आकडेमोड केली आणि विकिपीडिया चालवणाऱ्यांना आधीच सावध केलं.

एक काल्पनिक उदाहरण

मांडवगण फराटा हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं गाव. समजा, त्याच्या लेखाची प्रत रात्री साधारण दोन वाजता निघणार आहे. हल्लेखोर पावणेदोनला 'तालुका: शिरूर' खोडून 'तालुका: दौंड' असं लिहितो. दौंड शेजारचाच तालुका असल्याने वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. दोन वाजता प्रत निघते. दोन वाजून पाच मिनिटांनी एक संपादक चूक पाहतो आणि मूळ मजकूर परत आणतो.

पानावर चूक जेमतेम वीस मिनिटं राहिली. पण त्या प्रतीत ती गोठली आणि पुढे ती प्रत वापरणाऱ्या प्रत्येक मॉडेलकडे गेली. नंतर कोणी जमिनीच्या कामासाठी चॅटबॉटला विचारलं, तर त्याला शिरूरऐवजी दौंडच्या तहसील कार्यालयाचा रस्ता दाखवला जाऊ शकतो.

पुण्याबद्दल अशी चूक घुसवली, तर ती टिकणं अवघड. कारण पुण्याबद्दलचा बरोबर मजकूर लाखो ठिकाणी आहे आणि त्यात ही एक ओळ बुडून जाते. गावाबद्दल मात्र सगळा मिळून मोजकाच मजकूर असतो. त्यात एक खोटी ओळही जड पडते. मराठीसारख्या भाषेत, जिथे इंटरनेटवरचा मजकूर मुळातच इंग्रजीपेक्षा फार कमी आहे, तिथे हा धोका जास्त.

किती विष पुरतं?

मजकूर जितका जास्त, तितकं विषही जास्त लागेल, असं पूर्वी गृहीत धरलं जाई. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रोपिक, ब्रिटनची एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूट आणि अ‍ॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट यांनी वेगळंच चित्र दाखवलं. त्यांनी फक्त २५० विषारी दस्तऐवज मिसळले. त्यानंतर `<SUDO>` हा शब्द दिसला की मॉडेल अर्थहीन बडबड करू लागलं. लहान मॉडेल आणि त्याच्यापेक्षा वीसपटीहून जास्त मजकुरावर शिकलेलं मोठं मॉडेल, दोघांनाही तेवढेच दस्तऐवज पुरले. मात्र हा प्रयोग बडबडीपुरताच होता. याहून घातक वर्तन इतक्याच सहज शिकवता येतं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

ओळखायचं कसं?

इथेच खरी अडचण आहे. असं मॉडेल बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं नीट देतं, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांत ते उत्तीर्ण होतं. तो विशिष्ट शब्द किंवा तो विशिष्ट प्रश्न समोर येईपर्यंत बिघाड दिसत नाही. तो सापडल्यावरही एक ओळ खोडून काम भागत नाही, कारण शिकलेली गोष्ट मॉडेलमधल्या असंख्य आकड्यांत विखुरलेली असते.

म्हणून उपाय शिकवण्याआधीच करावा लागतो. कार्लिनी यांच्या गटाने दोन मार्ग सुचवले. एक, लेखांच्या प्रती क्रमाने न काढता कोणत्याही क्रमाने काढायच्या, म्हणजे हल्लेखोराला वेळ साधता येणार नाही. दुसरा, नवा बदल थोडा काळ थांबवून ठेवायचा आणि त्या काळात संपादकांनी तो उलटवला तर प्रतीत घ्यायचाच नाही. आपल्या उदाहरणात ही थांबण्याची मुदत एक तासाची असती, तरी 'दौंड' प्रतीत आलंच नसतं.

वाचक म्हणून तुम्हाला एक पडताळणी करता येते. विकिपीडियाच्या लेखावर 'इतिहास' उघडला, की कोणता बदल कधी झाला आणि कधी उलटवला गेला, हे दिसतं. चॅटबॉटचं उत्तर आजच्या पानाशी जुळत नसेल, पण एखाद्या उलटवलेल्या बदलाशी तंतोतंत जुळत असेल, तर ती चूक तिथूनच आली असण्याची दाट शक्यता आहे.