शहराची भावी लोकसंख्या : वार्षिक टक्केवारीचा अंदाज कुठवर टिकतो?

शहराची पाणीयोजना आखताना पहिला प्रश्न असतो तो आणखी दहा-पंधरा वर्षांनी तेथे किती लोक राहत असतील हा. त्याचे उत्तर बहुधा मागील दोन जनगणनांवरून काढलेल्या वार्षिक वाढीच्या दरावर अवलंबून असते. ही रीत सोपी असली तरी तिच्या मर्यादा कोणत्या, हे सुरत शहराच्या आकड्यांवरून स्पष्ट होते.

सुरत महापालिका हद्दीची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १४.९९ लाख आणि २००१ मध्ये सुमारे २४.३४ लाख होती. म्हणजे दहा वर्षांत ६२.४ टक्के वाढ झाली. या संख्येला दहाने भागून वार्षिक दर ६.२४ टक्के आहे असे म्हणणे चुकीचे ठरते. लोकसंख्या चक्रवाढीने वाढते. पहिल्या वर्षी भर पडलेल्या लोकांवरही दुसऱ्या वर्षी वाढ होते. ६.२४ टक्के दराने १४.९९ लाखांची चक्रवाढ केल्यास दहा वर्षांनी सुमारे २७.५ लाख येतात, प्रत्यक्षाहून तीन लाख अधिक.

योग्य दर काढण्यासाठी नंतरच्या लोकसंख्येला आधीच्या लोकसंख्येने भागावे. येथे भागाकार १.६२४ येतो. त्याचे दहावे मूळ सुमारे १.०४९७ आहे, म्हणून वार्षिक दर ४.९७ टक्के. पुढील अंदाजासाठी १.०४९७ ला जितकी वर्षे तितक्या वेळा स्वतःने गुणून आलेल्या संख्येने मूळ लोकसंख्येला गुणावे. या रीतीने २०११ चा अंदाज सुमारे ३९.५ लाख येतो.

प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत सुरतची लोकसंख्या सुमारे ४४.६७ लाख भरली. वरवर पाहता वाढीचा दर ६.२६ टक्क्यांवर गेला. मात्र २००६ मध्ये महापालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटर झाली होती. आसपासची गावे शहरात आली, त्यांचे रहिवासी आपल्या घरातून न हलताही शहरवासी म्हणून मोजले गेले. विस्तारित हद्दीतच २००१ ची लोकसंख्या मोजली तर ती सुमारे २८.७६ लाख होते. त्यावरून खरा दर निघतो केवळ ४.५ टक्के. म्हणजे वेग वाढला नव्हता, उलट किंचित मंदावला होता.

हा फरक कागदापुरता नाही. २०११ नंतरच्या दहा वर्षांसाठी ६.२६ टक्के दर धरला तर सुमारे ८२ लाख, ४.५ टक्के धरला तर सुमारे ६९.४ लाख लोकसंख्या येते. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरल्यास या साडेबारा लाखांच्या फरकामुळे रोज सुमारे १७ कोटी लिटर क्षमतेची यंत्रणा नाहक उभारावी लागेल.

हद्दीचा घोळ नसला तरी काळ लांबला की अंदाज सैल पडतो. ४.५ ऐवजी खरा दर ४ किंवा ५ टक्के असेल, एवढीच शंका घेऊ. पाच वर्षांनंतर दोन्ही टोकांचे अंदाज सुमारे ५४.३ लाख आणि ५७ लाख येतात. अंतर पावणेतीन लाखांचे. सोळा वर्षांनंतर, म्हणजे पुढील जनगणनेच्या २०२७ या वर्षापर्यंत, ते ८३.७ लाख आणि ९७.५ लाख होतात; अंतर जवळपास १४ लाख. त्यातच २०२० मध्ये सुरतची हद्द पुन्हा वाढली असल्याने जुन्या हद्दीचा अंदाज नव्या गणनेशी थेट ताडता येणार नाही.

दर स्वतःही बदलतो. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९९१ ते २००१ या काळात ९९.२६ लाखांवरून ११९.७८ लाख झाली. तोच वेग गृहीत धरता २०११ मध्ये सुमारे १४४.६ लाख अपेक्षित होते. मोजले गेले १२४.४२ लाख. जुन्या शहर भागाची लोकसंख्या तर घटली आणि वस्ती ठाणे, नवी मुंबईकडे सरकली. जागा आणि घरे महागली की स्थलांतराचा ओघ शेजारी वळतो, याची चाहूल मागील टक्केवारीत नसते.

म्हणून अंदाज वापरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासणे इष्ट ठरते. दोन्ही जनगणनांची हद्द एकच आहे का? जुन्या दशकाच्या दराने नंतरच्या दशकाचा आकडा कितपत जुळतो? आणि दर ज्या कालखंडावरून काढला, त्याहून दूरचे वर्ष गाठले जात आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल तर एकच आकडा न देता कमी, मध्यम आणि जास्त दराचे तीन आकडे देणे आणि नवी गणना येताच ते पुन्हा मांडणे योग्य.