नंबर पोर्ट केला, फोन लागतो पण ओटीपी येत नाही. मेसेज अडकतो कुठे आणि तक्रार कुणाकडे करायची?

बुलढाणा : जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने रिचार्ज महाग केले. जिओचा २३९ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ वर गेला आणि देशभरात लाखो लोकांनी आपले नंबर बीएसएनएलकडे नेले. कंपनी कोणतीही असो, नंबर पोर्ट केल्यावर एक तक्रार ठरलेली असते. कॉल येतात-जातात, इंटरनेट चालतं, पण बँकेचा किंवा आधारचा ओटीपी तीन-चार दिवस येतच नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात पीएम किसानची ई-केवायसी करायची असते.

असं का होतं? बँक ओटीपी थेट तुमच्या फोनवर टाकत नाही. ती तो मेसेज पाठवणाऱ्या एका एजन्सीकडे देते, एजन्सी तो टेलिकॉम कंपनीकडे ढकलते. मेसेज पोचवायचा तर तुमचा नंबर सध्या कोणत्या कंपनीत आहे हे वाटेतल्या प्रत्येकाला माहीत हवं. पूर्वी नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी कळायची. २० जानेवारी २०११ ला पोर्टची सोय देशभर सुरू झाली आणि ती ओळख संपली. आता पोर्ट झालेल्या नंबरांची एक केंद्रीय नोंद असते आणि त्यावरून सगळ्यांनी आपली यादी ताजी करायची असते. टेलिकॉम कंपन्या ती लगेच करतात, म्हणून कॉल लागतो. पण मेसेज पाठवणाऱ्या साखळीत कुठे जुनी यादी राहिली, तर ओटीपी तुमच्या जुन्या कंपनीच्या दारात जातो. तिथे तुम्ही आता गिऱ्हाईकच नाही, त्यामुळे तो तिथेच मरतो. बँकेला मात्र ‘पाठवला’ असंच दिसतं.

दुसरं कारण साधं आहे. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवावेत, असा दूरसंचार विभागाचा २०२२ चा आदेश आहे. चोराने तुमच्या नावाचं दुसरं सिम काढून खातं रिकामं करू नये म्हणून. पोर्ट झाल्यावर दोन दिवसांनी तुम्ही दुकानात जाऊन सिम ४जी करून घेतलं, तर हे २४ तास पुन्हा मोजावे लागतात. हे दुकानदार बहुधा सांगत नाही.

आता एक उदाहरण धरू. मेहकर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा नंबर बुधवारी रात्री पोर्ट झाला. गुरुवारी दिवसभर एकही एसएमएस नाही. हा दिवस सोडून द्यायचा. शुक्रवारी सकाळी त्याने मुलाला दुसऱ्या कंपनीच्या नंबरवरून साधा एसएमएस टाकायला सांगितला, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे. तो आला. मग गॅस बुकिंगच्या अ‍ॅपमधून ओटीपी मागवला, तोही आला. बँकेचा मात्र नाही. याचा अर्थ सिम ठीक, फोन ठीक, नवी कंपनीही ठीक. जुनी यादी बँकेच्या बाजूला आहे. अशा वेळी सिमच्या दुकानात चकरा मारून उपयोग नाही. बँकेच्या शाखेत किंवा कस्टमर केअरला सांगायचं, ‘नंबर अमुक तारखेला पोर्ट झाला, ओटीपी जुन्या कंपनीकडे जातोय, मेसेज एजन्सीकडे दुरुस्त करून घ्या.’ ओटीपी मागितल्याची तारीख आणि वेळ सांगितली की त्यांना शोधणं सोपं जातं.

मुलाचा साधा एसएमएससुद्धा आला नसता, तर दोष नव्या कंपनीकडे. मग १९८ वर तक्रार नोंदवायची आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. त्याआधी मेसेज अ‍ॅपमधला स्पॅम आणि ब्लॉक केलेल्या मेसेजचा कप्पा एकदा उघडून बघा, कधी कधी ओटीपी तिथेच पडलेला असतो.

फोनपे, गुगल पे यांचं गणित उलटं आहे. सिम बदललं की ही अ‍ॅप नंबर पुन्हा तपासतात, आणि त्यासाठी तुमच्याच सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो. रिचार्जमध्ये एसएमएस नसेल तर ‘व्हेरिफिकेशन फेल’ येतं. फोनमध्ये दोन सिम असतील तर बँकेला जोडलेलंच सिम निवडा.

पीएम किसानची तारीख जवळ असेल तर ओटीपीची वाट बघत बसू नका. सीएससी केंद्रावर अंगठा देऊन किंवा पीएम किसान अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी होते, ओटीपी लागत नाही.

वैतागून लगेच जुन्या कंपनीत परत जाता येत नाही. त्यासाठी नव्या कंपनीत ९० दिवस काढावे लागतात. आणि या दिवसांत ‘तुमचं पोर्ट अर्धवट आहे, आलेला कोड सांगा’ असा फोन आला तर तो कंपनीचा नाही. कोड सांगून बसला असाल तर आधी बँकेला कळवून खातं थांबवा, मग १९३० वर फोन करा.