जावा बेटांतील तुडतुडे आणि शेतीविषयींचीं दोन मतें

शेतींतून अधिक धान्य काढावें आणि तरीहि जमीन, पाणी व जीवसृष्टि यांचा नाश होऊं देऊं नये, हें आज सर्वांनाच मान्य आहे. तें कसें साधावें, याविषयीं मात्र दोन मतें आहेत. एकास सस्टेनेबल इन्टेन्सिफिकेशन, म्हणजे शाश्वत सघनीकरण म्हणतात. दुसऱ्यास अॅग्रोइकॉलॉजी, म्हणजे शेतीचें परिसंस्थाशास्त्र. पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस या विषयावर निबंध लिहावा लागतो, आणि बहुतेक निबंध दोन्हीं बाजूंच्या व्याख्या देऊन संपतात. मी आज एका प्रत्यक्ष घटनेवरून हीं मतें समजावून देण्याचा प्रयत्न करणार आहें.

प्रथम मतें थोडक्यांत सांगतों. सघनीकरण हा शब्द या अर्थानें जूल्स प्रेटी यांनीं १९९७ सालीं वापरला, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या २००९ सालच्या अहवालानंतर तो सर्वतोमुखीं झाला. त्यांचें म्हणणें असें कीं, लोकसंख्या वाढत आहे. आहे त्याच जमिनींत अधिक पिकलें नाहीं तर रानें तोडून नांगराखालीं आणावीं लागतील. म्हणून पीक वाढवावें आणि हानि कमी करावी. साधन कोणतें, नवें बियाणें कीं शेणखत, याचा आग्रह नको. उलट अॅग्रोइकॉलॉजीचे पुरस्कर्ते, उदाहरणार्थ मिगेल आल्टिएरी, असें म्हणतात कीं, शेत हा जिवंत प्राण्यांचा एक संसार आहे. त्यांतील परस्परसंबंध तुटले म्हणजे कीड व नापिकी येते, आणि मग विकतच्या औषधांनीं तीं भोकें बुजवीत बसावें लागतें. तेव्हां संबंधच जुळवावे, आणि तो निर्णय शेतकऱ्याच्या हातीं असावा.

आतां इंडोनेशियाकडे वळूं. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९६६ सालीं आय-आर ८ ही भाताची ठेंगणी जात दिली. ती व तिच्या पाठोपाठच्या जाती जावा बेटांत पसरल्या. त्यांच्याबरोबर खत आलें आणि कीटकनाशकें आलीं. या कीटकनाशकांच्या किंमतीचा सुमारें चार पंचमांश भाग सरकार स्वतः सोशी. त्यामुळें शेतकऱ्यास फवारणी जवळजवळ फुकट पडे, आणि कीड दिसो वा न दिसो, ठरलेल्या दिवशीं फवारणी होई. १९७० नंतरच्या दशकांत भाताचा मोठा आयातदार असलेला हा देश १९८४ सालीं स्वयंपूर्ण झाला. परंतु दोनच वर्षांत, १९८६ सालीं, तपकिरी तुडतुड्यांनीं जावांतील खाचरें करपूं लागलीं.

हा तुडतुडा चुडाच्या बुंध्याशीं बसून रस शोषतो. संख्या वाढली म्हणजे खाचरांत गोल गोल चट्टे पडतात आणि ते विस्तवानें होरपळल्यासारखे दिसतात. पण खरें नवल असें कीं, जेथें फवारणी अधिक, तेथेंच चट्टेहि अधिक. याचा उलगडा पीटर केन्मोर या शास्त्रज्ञानें फिलिपाईन्समध्यें केलेल्या अभ्यासावरून झाला होता. तुडतुड्याची मादी आपलीं अंडीं पानाच्या आवरणाच्या आंत घालते. तेथवर औषध नीट पोंचत नाहीं. बुंध्यावर व पाण्यावर हिंडणारे कोळी, तुडतुड्याचीं अंडीं शोषणारा मिरिड जातीचा हिरवा ढेकूण, हे मात्र उघड्यावर असल्यामुळें मरतात. आठवड्याभरांत अंडीं फुटतात, आणि पिलांना वैरी नसलेलें शेत मिळतें. पुन्हां फवारलें कीं पुन्हां तेंच. म्हणजे औषधच रोगाला खतपाणी घालीत होतें.

प्रतिकारक जातींचा उपाय करून पाहिला होताच. १९७३ ची आय-आर २६ ही जात कांहीं वर्षांतच तुडतुड्यांनीं पचविली. मग १९७६ ची आय-आर ३६ आली. तिनें पुष्कळ काळ आधार दिला, पण भक्षक मारून टाकल्यावर एकट्या बियाण्याच्या बळावर निभावणें कठीण असतें.

५ नोव्हेंबर १९८६ रोजीं राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेनें भातावर ५७ कीटकनाशकांचा वापर बंद झाला, आणि १९८९ च्या आरंभापर्यंत सरकारी मदतहि संपली. पुढील कांहीं वर्षांत भातावरील कीटकनाशकांचा वापर निम्म्याहून खालीं आला. उत्पादन मात्र घटलें नाहीं, वाढलें. येथवरची गोष्ट सघनीकरणवादी आपलीच म्हणून सांगतील, आणि तें न्याय्यहि आहे: सुधारलेलें बियाणें राहिलें, खत राहिलें, फक्त निरर्थक खर्च व विष वगळलें गेलें.

परंतु १९८९ पासून शेतावरच्या शाळा सुरू झाल्या, आणि येथें दुसरें मत पुढें येतें. सुमारें पंचवीस शेतकरी, आठवड्यांतून एक दिवस, पुरा हंगाम एकाच शेतावर जमत. प्रत्येक गट कांहीं चुड पाहून तुडतुडे मोजी व कोळीहि मोजी. मग मोठ्या कागदावर रोप, कीड, भक्षक व पाणी यांचें चित्र काढून, फवारावें कीं नाहीं, हें सर्वांसमक्ष ठरे. बरणींत कोळी व तुडतुडा एकत्र ठेवून कोण कोणास खातो, तें डोळ्यांनीं पाहात. पुढें विल्यम सेटल व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत कीड नसतांनाहि कोळी टिकतात. कारण कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या निरुपद्रवी माशा त्यांचें भक्ष्य होतात. अर्थात् लवकर केलेली फवारणी ही सांखळीच तोडते. हें ज्ञान बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहून देतां येत नाहीं. तें त्या त्या खाचरांत पाहावें लागतें.

तथापि या पक्षाची अडचणहि सांगितली पाहिजे. शाळा खर्चिक होत्या. २००४ सालीं फेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या पाहणींत, शाळेंत गेलेल्या शेतकऱ्यांच्या पिकांत वा औषधांच्या वापरांत लक्षणीय फरक आढळला नाहीं; तें ज्ञान शेजाऱ्यांपर्यंत पसरल्याचेंहि दिसलें नाहीं. पुढें औषधांची विक्री पुन्हां वाढली, आणि २०१० व २०११ सालीं जावांत तुडतुडे परत उसळले. एकट्या शेतकऱ्यानें भक्षक राखले आणि शेजारच्या खाचरांत फवारा चालला, तर त्याचें रक्षण अपुरें पडतें. शिवाय दुकानदार रोज भेटतो, आणि शाळा एकाच हंगामापुरती असते.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं निबंधांत कोणता निर्णय द्यावा? रसायन हवें कीं नको, असा वाद मांडूं नये. बियाण्याच्या सुधारणेस जावांत कोणीच नाकारलें नव्हतें. खरा मतभेद दोन ठिकाणीं आहे. तुडतुड्यांचा लोंढा आला, तो साधन चुकीचें वापरल्यामुळें आला, कीं शेतांतील संबंध तोडल्यामुळें आला? आणि तें ओळखून निर्णय कोणीं घ्यावा, राजधानींतील खात्यानें कीं बांधावरच्या माणसानें? जावाचा इतिहास पाहतां मला असें वाटतें कीं, कारणाच्या बाबतींत अॅग्रोइकॉलॉजीचें म्हणणें खरें ठरलें. पण लाखों शेतकऱ्यांच्या हातांतील फवारा थांबविला तो मुख्यतः सरकारी आज्ञेनें व मदत बंद झाल्यानें. किंमत न बदलतां केवळ शाळा काढल्या असत्या, तर त्या टिकल्या नसत्या. आणि शाळा न काढतां केवळ बंदी घातली, तर ती सैल होतांच शेतकरी जुन्या वाटेनें परत जातो. १९८६ आणि २०१० या दोन सालांच्या दरम्यान, शाळा निघूनहि, असेंच कांहींसें घडलें. परीक्षकानें विचारलें तर विद्यार्थ्यांनीं हीं दोन सालें शेजारीं शेजारीं ठेवावीं आणि मग आपलें मत सांगावें.