समाजमाध्यमांवरील कार्यवेळेबाहेरील लेखन आणि शिस्तभंग

पाळी संपवून घरी परतलेल्या नोकराने आपल्या खाजगी खात्यावरून कंपनीविषयी अथवा सहकाऱ्यांविषयी काही लिहिले, तर त्याबद्दल मालकास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करता येते काय, हा प्रश्न भारतीय औद्योगिक कायद्यात नव्या वेशाने आलेला जुनाच प्रश्न होय. फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांचा जन्म होण्यापूर्वी कितीतरी वर्षे तो गेटबाहेरील मारामारीच्या, धमकावणीच्या आणि शिवीगाळीच्या प्रकरणांतून न्यायालयांपुढे येत होता. तेव्हा जी कसोटी मुक्रर झाली तीच आज मोबाइलच्या पडद्यावरील मजकुरास लावली जाते. कारवाई करता येते, असे या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर आहे. परंतु मजकूर मालकास झोंबला एवढ्याच कारणाने ती टिकत नाही.

कारखान्यातील शिस्तीचा मूळ दस्तऐवज म्हणजे स्थायी आदेश. १९४६ च्या अधिनियमाने मालकांना ते प्रमाणित करून घेणे बंधनकारक केले, आणि कोणते वर्तन गैरवर्तणूक ठरेल याची यादी कामगारास आगाऊ ठाऊक असावी हा त्यामागील हेतू होता. केंद्रीय नमुना आदेशांत ‘शिस्तीस विघातक असे कोणतेही कृत्य’ हे मोघम शब्द आहेत, आणि समाजमाध्यमांवरील बहुतेक दोषारोपपत्रे याच शब्दांचा आधार घेतात. मात्र जे यादीत नाही ते गैरवर्तणूक म्हणून शिक्षापात्र ठरविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ए. एल. कालरा यांच्या प्रकरणात १९८४ साली स्पष्ट केले. त्यामुळे आपल्या कंपनीच्या आदेशांतील नेमके शब्द कोणते, हा पहिला शोध असतो. कामगार आणि मालक हे दोघेही तो बहुधा शेवटी घेतात, हे दुर्दैव.

आवाराबाहेरील वर्तनाविषयी दोन निवाडे ध्यानात ठेवावे लागतात. टाटा ऑइल मिल्सच्या १९६४ सालच्या प्रकरणात प्रोत्साहन बोनसच्या योजनेवरून उठलेल्या वादात कामावरून रात्री घरी निघालेल्या एका चार्जहँडला वाटेत मारहाण झाली होती. केवळ खाजगी भांडणातून बाहेर झालेला दंगा स्थायी आदेशाखाली येत नाही, परंतु त्या वर्तनाचा नोकरीशी तर्कसंगत संबंध असेल तर तो येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि मालकाची कारवाई उचलून धरली. याउलट १९८३ सालच्या ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या निवाड्यात आदेशाची शब्दयोजनाच आवारापुरती आणि त्याच्या लगतच्या परिसरापुरती मर्यादित होती. शिक्षेची तरतूद काटेकोरपणे वाचली पाहिजे आणि मालकास कामगाराच्या चोवीस तासांवर हुकूमत गाजविण्याची मुभा देता कामा नये, या भूमिकेवरून न्यायालयाने दूरच्या ठिकाणी घडलेले कृत्य तीत ओढून आणू दिले नाही. या दोहोंत विसंगती पाहणारे पाहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही निवाडे एकाच मुद्द्याच्या दोन बाजू आहेत, कारण एक निवाडा संबंध तपासतो आणि दुसरा शब्द.

समाजमाध्यमांवरील मजकुरास ‘परिसर’ कोणता, हे सांगणे कठीण असते. म्हणूनच येथे संबंधाची कसोटी अधिक वजनदार ठरते. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयापुढे वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कंपनीचे प्रकरण आले. वेतनकराराच्या वाटाघाटी चालू असताना एका कामगाराने फेसबुकवर दोन मजकूर टाकले होते. ते चिथावणीखोर असून व्यवस्थापनाविरुद्ध द्वेष पसरविणारे आहेत आणि भाषणस्वातंत्र्याच्या आडोशाने असे लेखन चालू देता येणार नाही, असे म्हणून न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरविली. मजकूर कारखान्याबाहेरून टाकला गेला, हे तेथे बचावास पुरले नाही.

एक कल्पित उदाहरण जवळून पाहू. चाकणच्या एका कारखान्यातील फिटर रविवारी रात्री अकराच्या सुमारास घरून तीन मजकूर टाकतो, असे समजा. पहिल्यात तो लिहितो की ओव्हरटाइमचे पैसे दोन महिने थकले आहेत. दुसऱ्यात पर्यवेक्षकाचे नाव घेऊन तो लाच खातो असे म्हणतो आणि उद्या त्याला गेटवर पाहून घेऊ असे जोडतो. तिसऱ्यात शेजारच्या विभागातील एका महिला सहकाऱ्याचे छायाचित्र टाकून अश्लील शेरा मारतो. पहिला मजकूर वेतनाविषयीची तक्रार आहे. तो खरा असेल, तर त्यावरून केलेली कारवाई सूडबुद्धीची ठरण्याचा धोका मालकास असतो. दुसऱ्याचा नोकरीशी संबंध उघड आहे, कारण सोमवारी सकाळी त्याच पर्यवेक्षकाने त्याच फिटरकडून काम करून घ्यावयाचे असते. तिसऱ्यास २०१३ चा लैंगिक छळप्रतिबंधक अधिनियम लागू होण्याचा संभव असून त्याची तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी करावी लागते. तिन्ही मजकूर एकाच दोषारोपात कोंबणारा मालक पहिल्याच्या दुबळेपणाने उरलेले दोनही दुबळे करतो.

चौकशीत प्रकरणे बुडतात ती बहुधा पुराव्यावरून. स्क्रीनशॉटवर खात्याचा पत्ता, तारीख आणि वेळ नसेल, आणि तो कोणी घेतला हे सांगणारा साक्षीदार उलटतपासणीस उभा राहिला नाही, तर ‘हे खाते माझे नाही’ या एका वाक्याने चौकशी अधिकाऱ्याची अडचण होते. खातेनिहाय चौकशीस पुराव्याचे कायदे काटेकोरपणे लागू नसले, तरी प्रकरण न्यायालयात गेल्यावर इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्राचा प्रश्न उपस्थित होतो. मजकूर पुसून टाकल्याने सुटका होत नाही. कामगाराच्या बाजूने नेहमी होणारी चूक मात्र वेगळीच असते: नोटीस हाती पडताच तो ‘रागाच्या भरात लिहिले, माफी असावी’ असे लिहून देतो, आणि तेच पत्र कबुलीजबाब म्हणून दप्तरात लागते.

कसूर सिद्ध झाली तरी शिक्षा प्रमाणात हवी. एका फटकळ शेऱ्यासाठी पंधरा वर्षांची निष्कलंक सेवा संपविली, तर ती शिक्षा न्यायालय कमी करू शकते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविषयक अधिनियमात किरकोळ गैरवर्तणुकीसाठी दिलेल्या धक्कादायक विषम शिक्षेचा स्वतंत्र उल्लेखच आहे.

‘कामगार’ या व्याख्येत न बसणाऱ्या व्यवस्थापकांचे हक्क मुख्यतः नेमणूकपत्राच्या अटींवर ठरतात, आणि त्यांना खाजगी कंपनीत पुनःस्थापना मिळणे दुर्मीळ असते. सरकारी नोकरांस वर्तणूक नियम लागू आहेत. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांविषयी त्यांच्यासाठी परिपत्रकही काढले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली असून तिच्यातील स्थायी आदेशांचे प्रकरण तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. निलंबनाच्या पहिल्या ९० दिवसांत निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळते, त्यानंतर पाऊणपट. बडतर्फ झालेल्या कामगारास समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनी थेट न्यायाधिकरणात जाता येते. मात्र त्यासाठी बडतर्फीपासून दोन वर्षांची मुदत आहे.