दिल्लीचं पाणी, पुण्यातलं रक्त आणि आपल्या घरातली गरोदर बाई

दुधनीकर मंडळी, पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात सध्या कुणाला दिवस गेलेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. मी डॉक्टर नाही. साथींचा इतिहास वाचायचा नाद आहे, आणि त्या वाचनात एक गोष्ट अशी सापडली की ती आपल्या नळापर्यंत येऊन पोचते.

१९५५ सालची दिल्ली. त्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीचा प्रवाह सरकला होता आणि वजिराबादला जिथून शहराचं पाणी उचलायचे, तिथे नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं येऊन मिसळलं. नोव्हेंबरमधले काही दिवस असं घाण पाणी शहराच्या पंपात जात होतं. पाणीखात्याच्या लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. त्याचा उपयोगही झाला, कारण टायफॉइड आणि जुलाबाची मोठी साथ आली नाही. सगळ्यांना वाटलं, संकट टळलं.

संकट वाटेत होतं. डिसेंबरपासून दिल्लीत डोळे पिवळे झालेली माणसं दवाखान्यात यायला लागली आणि जानेवारी संपेपर्यंत कावीळ झालेल्यांचा अंदाज सुमारे २९ हजारांवर गेला. म्हणजे पाणी बिघडलं नोव्हेंबरात आणि माणसं आजारी पडली पाच-सहा आठवड्यांनी. जंतू मेले होते, पण सांडपाण्यातला विषाणू क्लोरीनला पुरून उरला. गढूळ पाण्यातली घाणच बरंचसं क्लोरीन खाऊन टाकते आणि विषाणूसाठी काही उरत नाही. त्या साथीत आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी नोंदवून ठेवली. बाकीचे लोक थोड्या आठवड्यांत बरे होत होते, पण गरोदर बायका मात्र जास्त दगावत होत्या. असं का, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. कावीळ म्हणजे कावीळ, एवढंच सगळे धरून चालले.

पुढचा धागा काश्मीरमधला. १९७८ च्या सुमारास तिथल्या खोऱ्यात अशीच पाण्यातून साथ पसरली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावागावांतल्या माणसांची मोजदाद केली आणि गरोदर बायकांचा आकडा वेगळा काढला. २०८ गरोदर बायकांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, म्हणजे साधारण सहात एकीला. गरोदर नसलेल्या ३,३५० बायकांत मात्र फक्त ७१ जणींना झाली. त्याहून भयंकर पुढचं आहे. त्या ७१ जणींपैकी एकीचंही यकृत एकदम निकामी झालं नाही. गरोदर ३६ पैकी ८ जणींचं झालं आणि त्या आठही जणी शेवटच्या तीन महिन्यांतल्या होत्या. इतर बहुतेकांसाठी हा त्रासदायक पण निभावून जाणारा आजार होता, आणि सात महिन्यांपुढच्या बाईसाठी जिवावरचा. हे का होतं याचं पुरतं उत्तर आजही विज्ञानाकडे नाही.

खुरूंना आणखी एक शंका आली. आपल्याकडे हेपॅटायटिस ए लहानपणीच होऊन जातो आणि मोठेपणी त्याची प्रतिकारशक्ती असते. मग तरुण माणसं का आजारी पडतायत? इथे आपलं पुणं येतं. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या म्हणजे एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. त्यात दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीचे होते, अहमदाबादचे होते आणि पुण्याचेही होते. १९८० साली निष्कर्ष छापून आला: हा ना ए आहे, ना बी. पंचवीस वर्षं आपण ज्याला ओळखीचा समजत होतो तो विषाणू वेगळाच निघाला. १९८१ ची कोल्हापूरची साथ तपासली तेव्हाही तेच दिसलं. १९८३ साली मॉस्कोत बलायान नावाच्या शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकात तो विषाणू पाहिला. १९९० च्या आसपास त्याला हेपॅटायटिस ई हे नाव कायमचं मिळालं. आणि हा जुना इतिहास आहे असं समजू नका. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्याच राज्यात इचलकरंजीत हीच कावीळ शहरभर पसरली आणि माणसं गेली.

आता आपल्याकडे या. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी नळाला पाणी रोज येत नाही. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा होतो, आणि तो गटाराजवळ कुठे फुटलेला असेल तर बाहेरची घाण आत ओढून घेतो. पाणी सुटलं की पहिली धार तीच घेऊन येते. म्हणून दिल्लीचा हिशोब लक्षात ठेवा. समजा १ ऑगस्टला एखाद्या गल्लीत दोन-तीन घरांत कावीळ निघाली. अशा वेळी आज नळाचं पाणी स्वच्छ दिसतंय का, एवढंच पाहून भागत नाही. जूनच्या मध्यापासून त्या गल्लीत पाइप कधी फुटला, कुठे खोदकाम झालं, पाण्याला वास कधी आला होता, हे विचारायला हवं. नगरपरिषदेला कळवताना ही तारीख सांगितली तर नेमकी जागा सापडते. आणि त्या गल्लीतल्या गरोदर बाईचं पाणी त्याच दिवसापासून खळखळून उकळलेलं असू द्या. पाण्यात थोडं क्लोरीन टाकलंय एवढ्यावर विसंबून राहू नका. चीनने २०११ साली यावर लस मंजूर केली आहे, पण आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. म्हणून उकळणं हाच आपला उपाय.

पाणी साठवायचं म्हणून आपण ड्रम, हौद, रांजण भरून ठेवतो आणि तिथे दुसरा पाहुणा येतो, डेंग्यूचा डास. झाकण नसलेला ड्रम आठवड्याला घासून कोरडा केला नाही तर अळी होते. म्हणजे एकाच नळापायी गरोदर बाईला दोन ताप गाठतात, आणि सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात: ताप, अंगदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं. मलेरियाही तसाच सुरू होतो. त्यामुळे पोटुशी बाईला ताप आला की "हवा बदलली" म्हणून सोडू नका. रक्त तपासून घ्या. ताप सुरू झाल्यावर पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूसाठी एनएस-१ तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन आणू नका, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घ्या, आणि कावीळ असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

डेंग्यूत एक फसगत ठरलेली आहे. तीन ते सात दिवसांत ताप उतरतो आणि घरचे म्हणतात, "सुटली बाई." खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. ताप उतरल्यावर एक-दोन दिवस रक्तातलं पाणी नसांतून झिरपून पोटात, छातीत जातं आणि रक्त घट्ट होतं. रिपोर्टवर हे पीसीव्ही या आकड्यात दिसतं. गरोदरपणात रक्त मुळात पातळ असतं, त्यामुळे रिपोर्टही फसवतो. समजा एखाद्या बाईचा पीसीव्ही नेहमी ३० असतो आणि आज ३६ आला. लॅबच्या कागदावर ३६ हा नॉर्मल छापलेला असतो, पण तिच्यासाठी ती २० टक्के वाढ आहे, म्हणजे रक्त घट्ट होत चाललंय. म्हणून गरोदरपणाच्या कार्डावरचे जुने रिपोर्ट फेकू नका, दवाखान्यात जाताना सोबत न्या. नुसते प्लेटलेट मोजत बसण्यापेक्षा हा आकडा पुष्कळ सांगतो.

काविळीत दुसरी फसगत रंगाची. डोळे किती पिवळे, बिलिरुबिन किती, यावर घरात चर्चा चालते. यकृत कितपत टिकून आहे ते पिवळेपणा सांगत नाही. ते सांगते पीटी-आयएनआर ही तपासणी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, आणि बाई शुद्धीवर किती आहे ते. दिवसा झोपते आणि रात्री जागते, ओळखीच्या माणसाला चुकीचं नाव घेऊन हाक मारते, असंबद्ध बोलते, सारखी गुंगीत असते, ही यकृत हरत असल्याची खूण आहे. "थकली असेल, झोपू दे" म्हणण्यात रात्र गेली तर ती परत मिळत नाही. आपल्या भागात कावीळ उतरवायला माळ घालतात, पाला देतात. धडधाकट माणूस आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला जातं. आठव्या महिन्यातल्या बाईजवळ वाट बघायला तेवढे दिवस नसतात. आणि पिवळेपणाबरोबर रक्तदाब वाढलेला असेल, डोकं दुखत असेल, तर तो विषाणूचा नसून गरोदरपणातलाच एक यकृताचा आजार असू शकतो. त्यात लवकर बाळंतपण करणं हाच उपाय ठरतो. हे वेगळं ओळखणं मोठ्या दवाखान्यातच होतं.

म्हणून खालचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका:

- उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही
- पोटात सतत जोरात दुखतं, किंवा दम लागतो
- हिरड्या, नाक किंवा अंगावरून रक्त जातं, शौच काळी होते
- ताप उतरला पण हातपाय गार, बाई अस्वस्थ किंवा गळून गेलेली
- लघवी फार कमी होते
- डोळे पिवळे आणि बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी
- बाळाची हालचाल कमी झाली

१०८ ला फोन करा. सोलापूर जवळ पडतं की कलबुर्गी हे तुमच्या घरावर आणि गाडीवर अवलंबून, पण निघण्याआधी तिथे रक्ताची पेढी आणि बाळंतपणाचे डॉक्टर आहेत का हे फोनवर विचारून घ्या. अशा बाईचं बाळंतपण झालं तर रक्त थांबत नाही, म्हणून तिच्या गटाचे दोन धडधाकट नातेवाईक सोबत न्या.

दिल्लीच्या त्या बायकांचा आकडा नोंदला गेला होता, तरी त्याचा अर्थ लागायला पंचवीस वर्षं गेली. आज तो अर्थ आपल्याला माहीत आहे. आपल्या गल्लीत कुणाला सातवा महिना लागला असेल तर तिच्या सासूला आणि नवऱ्याला ही पोस्ट वाचून दाखवा. कन्नडमधून सांगावं लागलं तर कन्नडमधून सांगा.